मांजर मैत्रिणीवर सोपवून गावाला जायचंय? विचारण्यापासून किल्ली परत घेईपर्यंत

दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूला आमचं घर आहे. पुढे पडवी, मागे परसात विहीर, वर कौलं. घरात आम्ही दोघं आणि भुऱ्या, सात वर्षांचा नसबंदी केलेला बोका. कुठलंही लग्नकार्य निघालं की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, भुऱ्याचं काय करायचं?

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याला भाचीचं लग्न होतं. पाच दिवस जायचं होतं. मैत्रिणीला मी विचारलं ते तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्या सासूबाईंसमोर, तिनं दिलेला चहा पिता पिता. "अगं, पाच दिवस भुऱ्याकडे बघशील ना?" त्या 'ना'मुळे तिला दुसरं काही म्हणायला जागाच उरली नाही. ती "हो" म्हणाली. तिच्या बागेत तेव्हा मोहोर येत होता, फवारणीची माणसं रोज घरी जेवायला होती. हे मला दिसत होतं, तरी मी विचारलं. आणि सांगितलं काय, तर "सकाळ-संध्याकाळ खायला घाल, बाकी तो काही त्रास देत नाही."

चौथ्या दिवशी भुऱ्या सारखा लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. तिला वाटलं, पोट साफ होत नसेल. आमच्याकडे त्या दिवशी हळद होती, म्हणून तिनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा तो न्हाणीच्या कोपऱ्यात पडून होता आणि खालचं पोट मोसंबीसारखं टणक लागत होतं. लघवी तुंबली होती. डॉक्टरांनी रात्री नळी घालून मोकळी केली. भुऱ्या वाचला. मैत्रीण मात्र कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हती, आणि चूक तर माझी होती. नाही म्हणता येणार नाही असं मी तिला विचारलं, आणि काय बघायचं ते तिला सांगितलंच नाही.

त्यानंतर मी ही सगळी पद्धत बदलली. गेल्या जुलैत आईबाबांना घेऊन नऊ दिवस रामेश्वर-कन्याकुमारीला गेलो, तेव्हा काय केलं ते क्रमानं सांगते. कुत्रा असेल तर तपशील बदलतील, पण विचारण्याचा भाग तोच राहील.

१. मांजर घरीच ठेवायचं हे आधी ठरवा

मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. मैत्रिणीच्या घरी नेऊन सोडलं की पहिल्याच रात्री ते कौलांतून किंवा न्हाणीच्या झरोक्यातून बाहेर पडतं आणि आपलं घर शोधायला निघतं. वाटेत अनोळखी कुत्री, रस्ता, पावसाळ्यात ओढा. म्हणून मांजर घरीच राहू द्या आणि माणूस दोनदा घरी येऊ द्या. एका वेळच्या फेरीवर भागवायचा मोह होतो, पण बोक्याची लघवी तुंबली तर ते १२ तासांत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. एकच फेरी असेल तर पूर्ण दिवस निघून जातो.

कुणाला विचारायचं हे ठरवताना मांजराची आवड हा शेवटचा मुद्दा धरा. घर चालत येण्याच्या अंतरावर आहे का, हे पहिलं. जुलैच्या संध्याकाळी पाणंदीतून यायचं म्हणजे काळोख, चिखल आणि फुरशांची भीती. आमच्याकडे हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, फुरसं पायवाटेच्या कडेला खरोखर असतं. दुसरा मुद्दा, त्या माणसाचे ते दिवस कसे आहेत? लावणी, मोहोराची फवारणी, आंब्याचा हंगाम, गणपती. या दिवसांत कोकणातल्या घरांत कुणालाच उसंत नसते.

तिसरी गोष्ट तुम्हाला कळणारही नाही. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो, म्हणून गरोदर बाईला डॉक्टर ट्रे साफ करू नको असं सांगतात. तुमची मैत्रीण दोन महिन्यांची गरोदर असेल आणि तिनं अजून घरातही सांगितलं नसेल. कुणाला दमा असतो, कुणाला मांजराची भीती वाटते आणि ती सांगायची लाज वाटते. म्हणून नकाराचं कारण कधीही विचारायचं नाही, हे विचारण्याच्या आधीच पक्कं करून टाका.

२. दुसरी सोय आधी लावा, मग मैत्रिणीला विचारा

बरेच जण हे उलटं करतात. आधी मैत्रिणीला विचारतात आणि ती नाही म्हणाली तर धावाधाव सुरू. मग आपण नकळत गळ घालतो, कारण खरोखरच दुसरं कुणी नसतं.

मी आधी गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीशी बोलून ठेवलं. फेरीला शंभर रुपये, दिवसाला दोन फेऱ्या. तिला सांगितलं की २४ जूनला पक्कं कळवते. ही सोय खरी हवी. "नाही जमलं तर बघू काहीतरी" असं मैत्रिणीला म्हटलंत, तर तिला बरोबर कळतं की दुसरी सोय नाही, आणि ती अडकते.

३. विचारणं: लिहून, एकटीला, वेळ देऊन

समोरासमोर विचारू नका. आपल्याकडे भीड मोठी. तोंडावर नाही म्हणणं जमत नाही, त्यातून घरातलं मोठं माणूस समोर असेल तर मुळीच नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि तिची किंमत त्या वेळी भुऱ्यानं मोजली. फोनही नको, कारण फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं. गटात तर अजिबात टाकू नका. तिथं चार जण "अगं, ती करेल की" म्हणून तिचं नाव पुढे करतात.

१५ जूनला, म्हणजे निघायच्या तीन आठवडे आधी, मी हा निरोप पाठवला:

"अगं, ८ ते १६ जुलै आम्ही आईबाबांना घेऊन रामेश्वरला जातोय. भुऱ्या घरीच राहील. दिवसातून दोनदा कुणीतरी यायला हवं, सकाळी ७ ते ८ मध्ये कधीही आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास. प्रत्येक वेळी साधारण २५ मिनिटं. खाणं, पाणी, ट्रे साफ करणं. त्याला पूर्वी झालेल्या त्रासामुळे ट्रे बघणं चुकवून चालत नाही, आणि तसंच काही झालं तर गाडी करून डॉक्टरकडे न्यावं लागेल. लावणीचे दिवस आहेत हे मला माहीत आहे. नाही जमणार असेल तर कारण सांगू नकोस, नुसतं 'नाही जमणार' एवढंच लिही. कॉलेजातली एक मुलगी पैसे घेऊन यायला तयार आहे, तिला मी २४ तारखेला पक्कं सांगणार आहे. तोवर तुझं उत्तर आलं नाही तर मी नाही असंच समजेन आणि पुन्हा विचारणार नाही."

यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते. पहिली म्हणजे कामाचं खरं माप. दोन वेळा म्हटलं की हलकं वाटतं, पण नऊ दिवसांच्या १८ फेऱ्या, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे साडेसात तास होतात. वर जाण्यायेण्याचं चालणं वेगळं. आजाराचा धोकाही आधीच लिहा. "काही त्रास नाही त्याचा" असं लिहून होकार मिळवला आणि किल्ली देताना तुंबलेल्या लघवीची गोष्ट सांगितली, तर ती फसवणूकच होते.

दुसरी गोष्ट शेवटचं वाक्य. गप्प राहणं म्हणजे नाही, असं ठरवून दिलं की तिला नकार लिहावासुद्धा लागत नाही. माझ्या अनुभवात याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मात्र मग खरंच पुन्हा विचारायचं नाही. २३ तारखेला "मेसेज बघितलास का गं?" असं पाठवलंत की दिलेली मोकळीक तिथंच संपते.

जी माणसं फोनवर लिहीत नाहीत, त्यांना हाच मजकूर चिठ्ठीवर लिहून द्या आणि चहाला न थांबता परत या.

४. उत्तर नीट वाचा

"बघते", "जमवू काहीतरी", "तसं जमेल, पण..." ही उत्तरं आमच्या भागात होकाराची नसतात. ती सभ्यपणानं दिलेली नकाराची सुरुवात असते. तशी उत्तरं आली तर आपणच पुढचं वाक्य बोलून तिला मोकळं करा: "राहू दे, मी त्या मुलीला सांगते. काही हरकत नाही."

माझ्या मैत्रिणीचं उत्तर तासाभरात आलं: "नाही जमणार." मी लिहिलं, "बरं झालं लगेच कळवलंस. रविवारी ये चहाला." एवढंच. "अरेरे", "मला वाटलंच होतं", "आता बघते दुसरं कुणी" यातलं काही लिहू नका, कारण तेवढ्यानंही समोरच्याला टोचतं.

शेजारच्या निवृत्त काकांना मी चिठ्ठी दिली होती. ते दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन म्हणाले, "सकाळचा मी येईन. संध्याकाळी मला दिसत नाही नीट." अर्धा होकार हासुद्धा चांगला होकार असतो. त्याला ताणून पूर्ण करायला जाऊ नका. सकाळी काका आणि संध्याकाळी ती मुलगी, असं ठरलं.

५. एकदा त्यांच्या हातून करून घ्या

निघायच्या आधीच्या आठवड्यात दोघांनाही एकेकदा बोलवा. किल्ली त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला गप्प उभे राहा. तुम्ही करून दाखवलंत तर ते मान डोलवतात, त्यांनी स्वतः केलं तर अडचणी दिसतात.

काकांच्या फेरीत दोन गोष्टी कळल्या. पावसात आमचं मागचं दार फुगतं आणि खालून गुडघ्यानं रेटल्याशिवाय उघडत नाही. आम्ही ते वर्षानुवर्षं करतोय, त्यामुळे सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि 'एक वाटी खाणं' म्हटल्यावर त्यांनी फडताळातून आमटीची वाटी काढली. माझी वाटी लोणच्याची, तिच्या निम्म्याहून लहान. डॉक्टरांनी भुऱ्याला दिवसाला ६० ग्रॅम कोरडं खाणं ठरवून दिलंय, म्हणजे एका वेळी ३० ग्रॅम. मग ती लहान वाटी वजनकाट्यावर ठेवली, ३० ग्रॅम भरले आणि जिथवर आले तिथं आतून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. ती वाटी खाण्याच्या डब्यातच ठेवून दिली. तेव्हापासून मापाचा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

अनोळखी माणूस आलं की भुऱ्या माळ्यावर जातो आणि खाली येत नाही. हेही त्यांनी त्या दिवशी बघून घेतलं, नाहीतर पहिल्याच सकाळी "मांजर हरवलं" म्हणून फोन आला असता.

६. दिनक्रम कागदावर लिहा

फोनमध्ये पाठवलेली यादी उपयोगाची नाही. काकांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि जोराचा पाऊस लागला की आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो फडताळाच्या दाराला आतून चिकटवते. वर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर ओल धरून शाई पसरते.

गेल्या वेळचा कागद असा होता:

*आल्यावर आधी वही वाचा.* मागच्या फेरीत काय झालं ते कळेल. खाणं दोनदा घातलं जाणार नाही.

*खाणं.* लाल रेघेपर्यंत एक वाटी. वाटीत जुनं उरलं असेल तर ते टाका, कारण पावसाळ्यात कोरडं खाणं रात्रभरात मऊ पडतं आणि त्याला बुरशी लागते. डबा घट्ट लावा. खाण्याची वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.

*पाणी.* तीन ठिकाणी तीन भांडी: स्वयंपाकघर, पडवी, माळ्याचा जिना. तिन्हींतलं पाणी रोज बदला.

*ट्रे.* लघवीनं लिटरचे गोळे होतात. ते चाळणीनं काढून मोजा. दिवसभरात दोन ते चार गोळे, साधारण लिंबाएवढे, हे ठीक. वाटाण्याएवढे पुष्कळ गोळे किंवा एकही गोळा नाही, तर लगेच फोन.

*भुऱ्या दिसला पाहिजे.* हात लावायची गरज नाही. माळ्यावर टॉर्च मारा, डोळे चमकतात.

*जाताना.* मागचं दार, न्हाणीचा झरोका, गॅस.

*हे देऊ नका.* सुकट, सुका बोंबील, दूध.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. एरवी भुऱ्याला आठवड्यातून एकदा बिनमिठाची उकडलेली मांदेली मिळते, ती त्या दिवसांत मिळत नाही. मग येणाऱ्या माणसाला मांजराची दया येते आणि ते प्रेमानं घरातली सुकट आणतं. सुकटीत मीठ भरपूर, आणि एकदा लघवी तुंबलेल्या बोक्याचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नसतं. दूध पिऊन बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात. काकांना मी हे कारणासकट सांगितलं. नुसतं 'देऊ नका' म्हटलं असतं तर त्यांनी एखादा दिवस दिलंच असतं.

वहीत प्रत्येक फेरीला एकच ओळ लिहायची: तारीख, खाल्लं का, किती गोळे, शी झाली का, दिसला का. पाच गोष्टींच्या वर लिहायला सांगू नका, तिसऱ्या दिवसापासून लिहिणंच बंद होतं.

७. फोन कधी करायचा आणि निर्णय कुणी घ्यायचा

हा वेगळा कागद करा, लाल पेनानं. आमची पहिली वेळ इथंच चुकली होती. मैत्रिणीनं लक्षण पाहिलं होतं, पण त्यासाठी हळदीच्या दिवशी फोन करायचा की नाही हे तिला ठरवता आलं नाही. ते तिच्यावर सोडायलाच नको होतं.

खाली दिलेल्यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजता, आम्ही देवळात असलो तरी, आधी डॉक्टरांना आणि मग आम्हाला फोन:

- ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि गोळा नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. हे बद्धकोष्ठासारखंच दिसतं, म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही.
- सलग २४ तास काही खाल्लं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होऊ शकतो.
- तोंड उघडून धापा टाकतोय, किंवा मागचे पाय ओढतोय.
- सलग दोन फेऱ्यांत कुठेच दिसला नाही.

आणि घरातलं कुठलंही औषध त्याला द्यायचं नाही. अंग गरम लागलं म्हणून कुणी पॅरासिटामॉलचा तुकडा दिला, तर मांजर त्यानंच मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचे काही थेंब, विशेषतः परमेथ्रिन असलेले, मांजराला तितकेच घातक असतात. हे माहीत नसलेली माणसं चांगल्या हेतूनंच देतात, म्हणून मी ते लिहून ठेवते.

डॉक्टरांची सोय तुम्ही स्वतः आधी करून ठेवा. आमच्याकडच्या दवाखान्यात येणारी बहुतेक जनावरं म्हणजे गाई, म्हशी, शेळ्या. नुसता नंबर लिहून ठेवून भागत नाही. आधी फोन करून तीन प्रश्न विचारा: मांजर बघता का? बोक्याला नळी घालता येईल का? रविवारी आणि रात्री कोण? आम्हाला तालुक्यात नळी घालणारं कुणी मिळालं नाही, चिपळूणला मिळालं. म्हणजे पावसातला जवळपास दोन तासांचा रस्ता. म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी सांगून ठेवलं आणि त्याचा नंबर त्याच कागदावर लिहिला.

पैशाचंही आधीच ठरवा. मी पाकिटात ५,००० रुपये ठेवले आणि सही करून चिठ्ठी लिहिली: "भुऱ्यावर डॉक्टर सांगतील ते उपचार माझ्या संमतीनं करावेत. १५,००० रुपयांपर्यंत मला विचारायची गरज नाही. फोन लागला नाही तर डॉक्टरांचा निर्णय मला मान्य आहे, आणि काही वाईट झालं तरी ही चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाची जबाबदारी नाही." काकांनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हे लिहिलंस ते बरं केलंस. मला रात्रभर तेच वाटलं असतं."

माणसाची काळजीही लिहा. दुखणारं मांजर ओळखीच्या हातालाही चावतं. पकडायचं असेल तर वरून जाड टॉवेल टाकून. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. मांजराला लस दिली आहे म्हणून घरी थांबायचं नाही.

८. एका पिशवीत काय काय ठेवायचं

- लसीकरणाचं पुस्तक आणि मागच्या आजाराचे कागद
- संमतीची चिठ्ठी आणि पैशाचं पाकीट
- डॉक्टर, रिक्षावाला, आमचे दोन्ही नंबर आणि बहिणीचा नंबर, कागदावर
- भुऱ्याचा एक फोटो, हरवला तर दाखवायला
- टॉर्च आणि जास्तीचे सेल
- जाड टॉवेल
- लिटरचं न फोडलेलं पाकीट आणि चार दिवसांचं जादा खाणं

मांजराची टोपली पिशवीशेजारीच, दार उघडं ठेवून. आठवडाभर आधीपासून ती घरात अशीच ठेवली की मांजर तिच्यात आपणहून झोपायला लागतं. ऐन वेळी माळ्यावरून काढलेली टोपली दिसली की ते पळतं.

९. जादा दोन दिवस आधीच मागून ठेवा

पावसाळ्यात कोकणात ठरल्या दिवशी परत येणं आपल्या हातात नसतं. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकानं सावकाश चालते, दरड आली की थांबते, घाट बंद होतात. "१६ ला येऊ" म्हणून गेलात आणि १७ च्या रात्री पोचलात, तर मधल्या फेऱ्या कुणी करायच्या? हे निघण्याआधीच विचारा, आणि इथंही नकाराला जागा ठेवा. काका म्हणाले होते, "१७ ला मी रत्नागिरीला जाणार, मला नाही जमणार." म्हणून त्या मुलीला १७ आणि १८ च्या चारही फेऱ्यांचे पैसे आधीच देऊन ठेवले. यावं लागलं नाही तरी ते तिचेच.

आम्ही खरंच १७ ला दुपारी पोचलो. खेडला गाडी पाच तास उशिरा आली.

बाहेर असताना रोज फोटो मागू नका. भुऱ्या माळ्यावर, काका खाली, फोटो कसला काढणार? "काही वेगळं दिसलं तरच कळवा, नाहीतर वही पुरे" असं मी सांगितलं होतं. नऊ दिवसांत एकच फोन आला. १२ तारखेला सकाळी ट्रेमध्ये एकच गोळा होता. काकांनी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, तोवर तो जोर करताना दिसला तर लगेच आणा, असं सांगितलं. काका दुपारी आपणहून आणखी एकदा येऊन गेले. संध्याकाळी त्या मुलीनं दोन गोळे मोजले आणि मग मला कळवलं.

१०. परत आल्यावर

किल्ली त्याच दिवशी जाऊन घ्या. पाकिटातले पैसे मोजत बसू नका. घरात काही चुकलेलं दिसलं, पाण्याचं एखादं भांडं कोरडं असलं, तर ते बोलून दाखवू नका, पुढच्या वेळच्या कागदावर लिहा. आमच्या कागदावर या वेळी एक ओळ वाढली: "माळ्याच्या जिन्यावरचं भांडं विसरायला होतं."

वही मी जपून ठेवली आहे. काकांचं अक्षर मोठं, मोडीच्या वळणाचं. १३ जुलैची ओळ अशी: "खाल्ले. गोळे २, एक लहान. शी झाली. बोका माळ्यावर, टॉर्च मारल्यावर डोळे दिसले. पाऊस फार."

ऑक्टोबरात मैत्रिणीचा निरोप आला. तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि चार दिवस तिला माहेरी जायचं होतं. किती वाजता यायचं, किती वेळ लागेल, सगळं लिहिलेलं होतं, आणि शेवटी, "नाही जमणार असेल तर कारण सांगू नकोस. दिराला मी सांगून ठेवलंय." त्या आठवड्यात आईची तपासणी होती. मी लिहिलं, "नाही जमणार." तिचं उत्तर आलं, "बरं. रविवारी येते चहाला."